पोट भरले तरी उपाशी

मिल्क रिप्लेसरची पिशवी गोठ्यात येते ती बहुतेकदा अडचणीच्या दिवशी. गाय वितानाच दगावलेली असते, किंवा वासराला जवळ येऊ देत नाही, किंवा संकरित गाईला पुन्हा गोऱ्हाच झालेला असतो आणि त्याला पाजलेले प्रत्येक लिटर डेअरीच्या मापातून वजा होताना दिसते. २०१५ च्या मार्चपासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. होल्स्टिन संकरित गोऱ्ह्याला औताचे काम नाही, बाजारात गिऱ्हाईक नाही. अशा वासराला चौथ्या-पाचव्या दिवशी दुधावरून तोडून पावडरीवर टाकतात. आठवडाभरात त्याला हगवण लागते, ते खंगते, मरते आणि पावडरीने मारले असे म्हटले जाते. मला हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा वाटतो. सडातून येणारे दूध ठरलेल्या दाटपणाचे, अंगाच्या उबेचे, ताजे आणि वेळेवर मिळणारे असते. या चारही गोष्टी गाय सांभाळते. रिप्लेसर देताना त्या आपल्याला सांभाळाव्या लागतात आणि आपण त्या अंदाजावर सोडतो. वासराला मारतो तो हा अंदाज.

सर्वांत महाग अंदाज दाटपणाचा. पिशवीवर साधारणपणे तयार दुधाच्या एका लिटरला १२५ ग्रॅम पावडर सांगितलेली असते. म्हणजे पावडर आणि पाणी मिळून एक लिटर व्हायचे. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम टाकली तर मिश्रण थोडे पातळ होते, पण तो फरक किरकोळ आहे. खरी चूक पुढे होते. पावडर पुरवण्यासाठी ओंजळ आखडती होते आणि दोन लिटर पाण्यात दीडशे ग्रॅमच पडते. तीस किलोच्या वासराचे काय होते ते पाहू. नुसते जिवंत राहायला, अंगाची ऊब राखायला आणि उठबस करायला त्याला चांगल्या प्रतीची सुमारे ३०० ग्रॅम पावडर रोज लागते. वाढ त्यानंतरची. दिवसाला चार लिटर नीट कालवलेले दूध, म्हणजे ५०० ग्रॅम पावडर दिली, तर वाढीसाठी २०० ग्रॅम उरते. चार लिटर पातळ पाणीच दिले आणि त्यात ३०० ग्रॅम असली, तर वासरू जिथल्या तिथे राहते. त्याहून कमी असली, तर ते स्वतःची चरबी आणि मांस जाळू लागते. पोट मात्र दोन्ही वेळा सारखेच टम्म दिसते, म्हणून भूक कुणाच्या लक्षात येत नाही. दहा-बारा दिवसांनी माकडहाडाजवळ हात फिरवला तर हाड टोचते, केस राठ आणि उभे दिसतात, आणि तेव्हा एखादा साधा जंतूही पुरेसा ठरतो. म्हणून पावडर ओंजळीने नाही, डब्यानेही नाही, वजनाने घ्यावी. पिशवीतली पावडर वाहतुकीत दबते, तर वरची भुसभुशीत असते. एकाच डब्यात दोन दिवशी दोन वेगळी वजने बसतात. स्वयंपाकघरातला छोटा तराजू या कामाला पुरतो.

पाण्याच्या उबेबद्दल गैरसमज जास्त आहेत. गार दुधाने वासराला थंडी भरते आणि त्यातच ते जाते, असे म्हणतात. हिशोब करून पाहिला तर तीन लिटर दूध वीस अंशांवरून अंगाच्या उबेपर्यंत आणायला वासराचे सुमारे ५७ किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे बारा-तेरा ग्रॅम पावडरीइतकेच. तेवढ्याने कोणी मरत नाही. पण यावरून उबेकडे दुर्लक्ष करावे असे मात्र नाही. रिप्लेसरमध्ये बहुधा वनस्पती तेलाची चरबी दुधाच्या भुकटीवर चढवलेली असते. कोमट पाण्यात ती नीट पसरत नाही, वर तुपकट थर धरते आणि तळाला गुठळ्या बसतात. वासरू वरचा भाग पिते आणि तळ बादलीतच राहतो. उलट साठ अंशांपुढे पाणी गेले की दुधातली प्रथिने बिघडू लागतात. म्हणून कालवताना पाणी ४५ ते ५० अंश आणि पाजताना दूध ३८ ते ४० अंश, असा साधारण नियम आहे. पिशवीवर वेगळे लिहिले असेल तर तेच पाळावे, कारण प्रत्येक पावडरीची चरबी सारखी नसते.

बोट बुडवून हे कळत नाही का, असे विचारले जाते. नाही कळत. एक लिटर उकळते पाणी आणि दोन लिटर साधे पाणी हे माप घ्या. उन्हाळ्यात साधे पाणी २५ अंशांचे असेल तर मिश्रण ५० अंशांचे होते. जानेवारीच्या पहाटे जुन्नर किंवा निफाडकडे तेच पाणी १५ अंशांचे असेल तर मिश्रण ४३ वर येते. ज्या हाताने आत्ताच थंड नळ सोडला, त्याला ४३ चे पाणीही चटका देते. दुधाचा साधा थर्मामीटर हा प्रश्न मिटवतो. पद्धत सोपी आहे. चार लिटर दूध करायचे तर आधी दोन-अडीच लिटर पाणी ४५ ते ५० अंशांवर आणावे, त्यात ५०० ग्रॅम पावडर टाकून रवीने किंवा फेटणीने दोन-तीन मिनिटे हलवावे, फेस येईल इतके जोरात नाही. गुठळी मोडली की उरलेले पाणी घालून बादलीवरील चार लिटरच्या खुणेपर्यंत आणावे. हे शेवटचे पाणी जरा कमी-जास्त गरम घेऊन पाजण्याची ऊब साधता येते. दूध लगेच पाजावे. पाच वासरे असतील तर शेवटच्या वासराच्या वेळीही थर्मामीटर एकदा बुडवावा.

आता हगवणीकडे येऊ, कारण पावडरीवरचा खरा आरोप तोच आहे. पावडर कोरडी असते, तिच्यात जंतू वाढत नाहीत. ते वाढतात कालवलेल्या दुधात आणि त्याहून जास्त बादलीच्या कडेला राहिलेल्या चिकट थरात. उबदार दुधात जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. सकाळी हजार असलेले जंतू चार तासांत बारा वेळा दुप्पट होऊन चाळीस लाखांवर जातात. म्हणून सकाळी एकदम कालवून अर्धे संध्याकाळसाठी ठेवणे हा सर्वांत घातक काटकसरीचा प्रकार आहे. धुण्यातही एक क्रम असतो. आधी कोमट पाण्याने विसळावे. एकदम उकळते पाणी ओतले तर प्रथिने शिजून भांड्याला चिकटतात. मग हाताला सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात साबण घालून ब्रशने घासावे, कारण थंड पाण्याने चरबी निघत नाही. मग स्वच्छ पाण्याने धुऊन भांडे उपडे करून वाळवावे, एकात एक रचून नाही. निपल उलटून आतून धुवावे आणि भेगा पडल्या की फेकावे. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ असते. रिप्लेसरसाठी ते उकळूनच वापरावे. गरम पाणी लागणारच आहे, त्यामुळे हे काम वेगळे वाढत नाही.

एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. काही पावडरी खरोखर वाईट असतात. तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला सोयाची प्रथिने नीट पचत नाहीत आणि स्वस्त पावडरीत ती बरीच असू शकतात. पिशवीवर तंतूचे प्रमाण ०.१५ टक्क्यांहून जास्त असेल तर प्रथिने वनस्पतीची असण्याचा संशय घ्यावा. प्रथिने वीस टक्क्यांहून कमी असलेली पावडर लहान वासरासाठी घेऊच नये. किमतीचा हिशोबही सोपा आहे. पंचवीस किलोच्या पिशवीतून दोनशे लिटर दूध होते, तेव्हा पिशवीची किंमत दोनशेने भागावी आणि डेअरीच्या दराशी ताडून पाहावी. फायदा दिसत नसेल तर वासराला सरळ दूधच पाजावे. त्याऐवजी काही जण दगडी झालेल्या गाईचे, इंजेक्शन सुरू असलेले फेकायचे दूध पाजतात. ते फुकट असते पण त्यात जंतू असतात आणि औषधाचे अंशही, जे वासराच्या आतड्यातल्या जंतूंना औषधालाच पुरून उरायला शिकवतात.

आता वेळापत्रक. विताना गाय दगावलेल्या तीस किलोच्या वासराचेच उदाहरण घेऊ. रिप्लेसर हा चिकाला पर्याय नाही, ही पहिली गोष्ट. शेजारच्या निरोगी, नुकत्याच व्यालेल्या गाईचा दीड लिटर चीक पहिल्या दोन तासांत आणि तेवढाच बारा तासांच्या आत जायला हवा. त्यानंतर आतडे चिकातली संरक्षक प्रथिने घेणे झपाट्याने कमी करते. गोठवलेला चीक असेल तर तो ५० अंशांच्या आतल्या पाण्यात ठेवून वितळवावा, चुलीवर नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत चीक किंवा दूध, चौथ्या दिवसापासून चार भागांत एक, मग दोन, मग तीन भाग रिप्लेसर, आणि आठवडा संपता पूर्ण रिप्लेसर. वासराचे पोट नव्या अन्नापेक्षा रोजच्या बदलाने जास्त बिघडते. सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच, धारेच्या वेळीच, दोन-दोन लिटर. अशक्त वासराला तेच चार लिटर तीन वेळांत विभागावे. निपल वासराच्या नाकाच्या उंचीला, मान थोडी वर ताणलेली राहील असे धरावे. चोखताना अन्ननलिकेची खाच मिटते आणि दूध कोटीपोटात न सांडता चौथ्या पोटात जाते. बाटलीने घशात ओतू नये. ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. पिण्याचे साधे पाणी वेगळ्या भांड्यात दिवसभर ठेवावे. दूध पातळ आहे म्हणून पाणी नको, हे खोटे आहे.

धारा काढून झाल्या की मग वेळ मिळाला तर वासराकडे जाऊ, हे कारण नेहमी ऐकू येते. गोठ्यात एकच माणूस असेल तर ते खोटेही नाही. पण बारा तासांऐवजी एकदा नऊ आणि एकदा पंधरा तासांचे अंतर पडले की भुकेले वासरू अधाशीपणे पिते आणि फुगते. एक ठरलेली वेळ साधत नसेल तर दहा मिनिटे पुढे-मागे चालेल, तासांचा फरक नाही.

हगवण लागलीच तर पहिली प्रतिक्रिया दूध बंद करण्याची असते आणि तीच नुकसान करते, कारण वासराला ऊर्जा तेवढ्याच दुधातून मिळते. दूध चालू ठेवावे आणि क्षारांचे पाणी दोन दुधांच्या मधल्या वेळेत, वेगळे द्यावे. ते रिप्लेसरमध्ये मिसळू नये, मिश्रण जास्त खारट होऊन जुलाब वाढतात. डोळे खोल गेले, मानेची कातडी चिमटून सोडल्यावर दोन-तीन सेकंद तशीच राहिली, किंवा वासराने चोखणे सोडले, तर पशुवैद्याला बोलावण्यात रात्र घालवू नये. पाचव्या दिवसापासून मूठभर काफ स्टार्टर समोर असावे. रोज एक किलोच्या आसपास सलग तीन दिवस खाल्ले की दूध तोडण्याची वेळ आली, बहुधा आठव्या आठवड्यात. शेवटच्या आठवड्यात संध्याकाळचे दूध बंद करून फक्त सकाळचे चालू ठेवावे. तोवर पंचवीस किलोची जवळजवळ एक पिशवी त्या एका वासराला लागलेली असते.