विश्लेषण : जिल्ह्याच्या आकड्यांवरून व्यक्तीचा धोका का ठरवता येत नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार माहिती मोबाइलवर उघडली की दोन रकाने शेजारी ठेवून पाहण्याचा मोह होतो. ज्या जिल्ह्यांत मुलींचे शिक्षण कमी, तिथे महिलांमध्ये रक्तक्षय जास्त दिसला, की ‘कमी शिकलेल्या महिलांना रक्तक्षय अधिक होतो’ असा निष्कर्ष लगेच समाजमाध्यमांवर फिरू लागतो. तो खराही असेल. पण त्या दोन रकान्यांतून तो निघत नाही.

एक काल्पनिक जिल्हा घेऊ. तिथल्या दर 100 महिलांपैकी 60 जणींना रक्तक्षय आहे आणि 60 जणींनी दहा किंवा अधिक वर्षे शालेय शिक्षण घेतले आहे. म्हणजे 40 जणी कमी शिकलेल्या. या 40 पैकी रक्तक्षय किती जणींना? शिकलेल्या सगळ्या 60 जणींनाच रक्तक्षय असेल, तर कमी शिकलेल्यांपैकी एकीलाही नाही. उलट या 40 जणींना आणि शिकलेल्यांपैकी 20 जणींना असेल, तरी बेरीज 60 च येते. म्हणजे उत्तर शून्य टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते. जिल्ह्याचा आकडा किती जणींना काय आहे एवढेच सांगतो. दोन्ही गोष्टी एकाच महिलेत आहेत का, हे त्यात नोंदलेलेच नसते.

समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीबद्दल अनुमान काढण्याच्या या चुकीला संख्याशास्त्रात ‘इकॉलॉजिकल फॅलसी’ म्हणतात. नावावरून वाटते तसा तिचा पर्यावरणाशी संबंध नाही.

रेडॉनचा वाद काय होता?

ही चूक केवळ घाईत आकडे वाचणाऱ्यांकडून होते असे नाही. अमेरिकेत एका नामवंत भौतिकशास्त्रज्ञाच्या अभ्यासावरून याच मुद्द्यावर अनेक वर्षे वाद चालला.

रेडॉन हा रंग-गंध नसलेला किरणोत्सारी वायू. माती आणि खडकातल्या युरेनियमपासून तो तयार होतो आणि पायाच्या भेगांतून घरात शिरतो. खाणकामगारांच्या अभ्यासांतून त्याचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आधीच दिसला होता. प्रश्न होता घरातल्या कमी प्रमाणाचा. पिट्सबर्ग विद्यापीठातील बर्नार्ड कोहेन यांनी 1995 मध्ये ‘हेल्थ फिजिक्स’ या नियतकालिकात 1601 काऊंटींची माहिती मांडली. काऊंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. निकाल उफराटा होता. घरांतील सरासरी रेडॉन जिथे जास्त, तिथे फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी! थोडा रेडॉन उपकारक आहे की काय, अशी चर्चा सुरू झाली.

धोका वाढूनही आकडा कमी कसा?

धूम्रपान लक्षात घेतले की कोडे उलगडते. पुन्हा काल्पनिक आकडे घेऊ. दोन जिल्हे, प्रत्येकी एक लाख लोकसंख्या. पहिल्यात रेडॉन कमी, पण 50 हजार लोक धूम्रपान करणारे. त्यांचा कर्करोगाचा धोका दोन टक्के आणि इतरांचा 0.1 टक्का धरला, तर रुग्ण होतात 1000 अधिक 50, म्हणजे 1050. दुसऱ्या जिल्ह्यात रेडॉन जास्त आहे आणि त्यामुळे तिथल्या प्रत्येकाचा धोका 30 टक्क्यांनी वाढलेला आहे. मात्र तिथे धूम्रपान करणारे 30 हजारच. त्यांच्यात 780 आणि उरलेल्या 70 हजारांत 91, असे एकूण 871 रुग्ण.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एकाही माणसाला रेडॉनचा फायदा झालेला नाही. उलट प्रत्येकाचा धोका वाढला आहे. तरीही जिल्ह्याचा आकडा कमीच दिसतो.

कोहेन यांना हे माहीत नव्हते असे नाही. त्यांनी काऊंटीतल्या धूम्रपानाचे अंदाज घेऊन आकडे दुरुस्त केले होते. त्यांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. रेडॉनच्या प्रमाणात धोका सरळ रेषेत वाढत असेल, तर कोणाला किती रेडॉन मिळाला हे कळायची गरज नाही, सरासरी पुरते, असे ते म्हणत. गणित म्हणून हे बरोबर आहे, पण सर्वांची रेषा एकच असेल तरच. प्रत्यक्षात धूम्रपान करणाऱ्याची रेषा बरीच जास्त चढी असते, कारण रेडॉनचा धोका त्याच्या मुळातच मोठ्या असलेल्या धोक्यावर चढतो. त्यामुळे एकाच काऊंटीत रेडॉन असलेल्या घरात राहणारा माणूस सिगारेट ओढतो की नाही, हे कळणे भाग पडते. काऊंटीतले सरासरी रेडॉन आणि धूम्रपान करणाऱ्यांची टक्केवारी, दोन्ही अचूक असले तरी त्यांतून ते कळत नाही. शिवाय कोण किती सिगारेट किती वर्षे ओढतो, हे टक्केवारीत कुठेच येत नाही.

चूक पकडली कशी?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील जेरोम पुस्किन यांनी 2003 मध्ये एक साधी चाचणी लावली. त्यांनी तशाच काऊंटीवार पद्धतीने इतर कर्करोगांचे मृत्यू तपासले. तोंड किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगासारखे, धूम्रपानाशी जोडलेले कर्करोगही जास्त रेडॉनच्या काऊंटींत कमी दिसले. धूम्रपानाशी फारसा संबंध नसलेल्या कर्करोगांत मात्र असा कल नव्हता. फुप्फुसात जाणारा वायू तोंडाच्या कर्करोगापासून वाचवतो, हे पटणे अवघड. त्यापेक्षा जास्त रेडॉनच्या भागांत लोक धूम्रपानच कमी करत होते, हे स्पष्टीकरण सरळ आहे. आकड्यांवर संशय आला की तपासण्याची ही चांगली रीत आहे : ज्या आजाराशी त्या कारणाचा संबंध असायला नको, तिथेही तोच कल दिसतो का, हे पाहायचे.

खरे उत्तर मिळाले ते माणसामागे माणूस मोजून. ऑक्सफर्डच्या सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये युरोपातील 13 अभ्यास एकत्र केले. त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे 7148 रुग्ण होते आणि तुलनेसाठी 14,208 इतर व्यक्ती. प्रत्येकाच्या धूम्रपानाचा इतिहास विचारला गेला आणि तो पूर्वी ज्या घरांत राहिला, तिथला रेडॉन मोजला गेला. दर घनमीटर हवेत 100 बेक्वेरेल रेडॉन वाढला की धोका सुमारे 8 टक्क्यांनी वाढतो, असे आढळले. मोजमापातील त्रुटी जमेस धरल्यावर हा आकडा 16 टक्क्यांवर गेला. काऊंटीच्या तक्त्यातून निघालेली दिशाच उलटी होती.

मग जिल्हावार आकडे कशासाठी?

लोहाच्या गोळ्या कुठे जास्त पाठवायच्या, कुठे पथके वाढवायची, यासाठी ते लागतातच. तो प्रश्न जिल्ह्याचाच असतो. पण ‘कोणत्या महिलांना’ असा प्रश्न आला की सर्वेक्षणातील प्रत्येक महिलेची नोंद लागते. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण करते, आणि 2019-21 च्या फेरीत एकाच महिलेचे शिक्षण आणि हिमोग्लोबिन दोन्ही नोंदले गेले होते. जिल्ह्याच्या दोन-चार पानी पत्रकात मात्र ती जोडी सुटते आणि टक्केवाऱ्या वेगवेगळ्या छापल्या जातात. बातमीत ‘या महिलांमध्ये’ असे शब्द आले की आधार पत्रक आहे की मूळ नोंदी, एवढे पाहिले तरी बराच उलगडा होतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही रेडॉनचा काऊंटीवार नकाशा प्रसिद्ध केला आहे. एखाद्या घराची तपासणी करावी की नाही हे या नकाशावरून ठरवू नये, अशी सूचना संस्थेनेच त्यासोबत दिली आहे. कमी धोक्याच्या काऊंटीतही जास्त रेडॉनची घरे सापडली आहेत, आणि शेजारच्या दोन घरांतही प्रमाण वेगळे असू शकते.