फोटोआधी तारखा

प्रति,
मा. अधिष्ठाता,
डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सोलापूर

महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागात माझं औषधांचं दुकान आहे. लघवीच्या जागेची तक्रार असलेलं गिऱ्हाईक मला लांबूनच कळतं. दुकानातली गर्दी सरेपर्यंत ते बाजूला उभं राहतं आणि मग हळू आवाजात मलम मागतं. 2020 साली मार्चमध्ये टेलिमेडिसिनचे नियम आले, एप्रिलमध्ये ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली, आणि अशा माणसाला घरबसल्या डॉक्टर भेटण्याची सोय झाली. पण त्या थोड्या मिनिटांत तो ‘तिथं आग होते’ एवढंच म्हणतो. पुढचं विचारायला डॉक्टरांना वेळ नसतो आणि सांगायला त्याला धीर नसतो. आपल्या त्वचा व गुप्तरोग विभागानं या सल्ल्याच्या तयारीचं एक पान काढावं, यासाठी हे पत्र.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण सांगतो. यंत्रमागावर काम करणारा तिशीतला माणूस. शिश्नाच्या टोकावर रुपयाएवढा काळपट लाल डाग उठला, आग होऊ लागली, दोन दिवसांत तिथलं कातडं सोललं. हे तिसऱ्यांदा होत होतं. बाहेरून काहीतरी लागलं असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं आणि बायकोनंही. रात्री न्हाणीघरात फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत नुसती चकाकी होती. ऑनलाइन डॉक्टरांनी बुरशीचं मलम लिहून दिलं, ज्याचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या सल्ल्याआधी त्याला कॅलेंडर समोर ठेवून लिहायला बसवलं. तारखा आठवेनात, तेव्हा गड्ड्याची जत्रा, पगाराचा दिवस, मेहुण्याचं लग्न अशा खुणा धरल्या. प्रत्येक वेळी डाग कधी उठला, त्याआधी शरीरसंबंध कधी आला, आणि आदल्या दोन दिवसांत पोटात कोणती गोळी गेली, एवढंच लिहायचं होतं. शरीरसंबंधाच्या तारखांचा काही मेळ बसेना. गोळीचा मात्र तिन्ही वेळा बसला. पोट बिघडलं की तो जुलाबाची तीच जोडगोळी घ्यायचा आणि त्याच रात्री त्याच जागी डाग उठायचा. मधल्या काळात तिथं काळसर खूण राहायची. कागद पाहताच डॉक्टरांनी औषधाची रिअ‍ॅक्शन ओळखली. फिक्स्ड ड्रग इरप्शन या प्रकारात तेच औषध पुन्हा घेतलं की काही तासांत पुन्हा त्याच ठिकाणी डाग उठतो. जुलाबाच्या, तापाच्या, अंगदुखीच्या साध्या गोळ्यांनीही हे होतं, आणि जननेंद्रिय ही त्याची नेहमीची जागा आहे. खात्री करायला म्हणून ती गोळी पुन्हा घेऊन बघू नका, हे डॉक्टरांनी बजावलं. जखम होती म्हणून प्रत्यक्ष तपासणी आणि व्हीडीआरएल, एचआयव्हीची रक्ततपासणीही करायला लावली. तेही योग्यच होतं.

आपल्या पानावर सगळ्यात वर तारखा असाव्यात असं मी म्हणतो ते यामुळे. हर्पिसचे फोड पहिल्यांदा येतात ते संबंधानंतर साधारण दोन ते बारा दिवसांत. सिफिलिसची न दुखणारी जखम बहुधा तीन आठवड्यांच्या आसपास दिसते, कधी तीन महिन्यांपर्यंतही. परमा आठवड्याच्या आत वाहू लागतो. फोटोत सारख्या दिसणाऱ्या दोन जखमा तारखांनी वेगळ्या होतात. डॉक्टर संबंधाची तारीख विचारतात ती एवढ्यासाठी, चारित्र्य तपासायला नाही, हे वाक्य पानावर ठळक छापा. पान तीन भाषांत हवं. माझी निम्मी गिऱ्हाइकं घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणारी कानडी.

औषधांच्या ओळीत लावलेल्या मलमांची नावंही हवीत. जांघेतल्या गजकर्णावर लोक स्टेरॉइडची मिश्र मलमं चोळतात. खाज थांबते, पण बुरशी आत पसरते आणि चट्ट्याची ओळखीची गोल कडा पुसली जाते. मग फोटो कितीही चांगला असला तरी फसवतो. ट्यूबचा फोटो पाठवला तर डॉक्टरांना ते तिथंच कळतं. साखरेच्या गोळ्याही सांगायला हव्यात. मधुमेहात पुढच्या कातडीला वारंवार बुरशी लागते, आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी साखर लघवीवाटे जात असल्यानं तो त्रास वाढतो.

आता फोटो. दिवसा खिडकीजवळ उभं राहून, फ्लॅश बंद करून, मागच्या कॅमेऱ्यानं काढावा. पावडर किंवा मलम लावण्याआधी काढावा. एक थोडा लांबून, म्हणजे डाग नेमका कुठं आहे ते कळेल. दुसरा वीतभर अंतरावरून, पडद्यावर डागावर बोट टेकवून फोकस करून. त्याहून जवळ गेलं की चित्र धूसर होतं. पुढची कातडी मागं घेतली असेल तर फोटो झाल्याबरोबर पुढं आणावी, नाहीतर ती सुजून अडकते. चेहरा, गोंदण, घरातली ओळखीची वस्तू चौकटीत नको. फोन घरात सगळे वापरत असतील तर गॅलरीचा आपोआप होणारा बॅकअप आधी बंद करावा आणि काम झाल्यावर फोटो डिलीटच्या कप्प्यातूनही काढून टाकावेत. फोटो सल्ल्याच्या अ‍ॅपमधूनच जावा. कुणी दुसऱ्या नंबरवर मागितला तर तो कोण पाहणार आणि कुठं राहणार हे विचारायचा हक्क रुग्णाला आहे, आणि नाही म्हणायचाही. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीत फोटोचा फारसा उपयोग नसतो. रंग, वास, खाज, ओटीपोटातलं दुखणं, पाळीची तारीख आणि गरोदरपण एवढं सांगितलं तर ते जास्त कामाचं. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचा असा फोटो काढूच नये, त्यांना प्रत्यक्ष दाखवावं.

काही त्रासांत फोन हातात घेण्यात वेळ घालवू नये. वृषणात अचानक जोराची कळ आली तर आतली नस पिळली गेलेली असू शकते, आणि सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता बरीच असते. मागं गेलेली कातडी पुढं येत नसेल, लघवी अडली असेल, मधुमेही माणसाला ताप येऊन तिथली कातडी काळी पडत असेल, तर थेट सिव्हिल गाठावं. एचआयव्हीचा धोका वाटेल असा संबंध आला असेल तर प्रतिबंधक गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात.

पानाच्या तळाशी रुग्णानं विचारायचे प्रश्न छापावेत, कारण कॉल संपता संपता ते सुचत नाहीत. हे आणखी काय असू शकतं? कोणती तपासणी आणि कधी करायची? आज केलेली तपासणी लवकर तर होत नाही ना? जोडीदारालाही औषध लागेल का आणि तोवर संबंध टाळायचा का? या मलमात स्टेरॉइड आहे का? किती दिवसांत फरक दिसायला हवा, आणि नाही दिसला तर कुठं यायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पानावर आधीच छापता येईल. सुरक्षा क्लिनिकची खोली, वेळ आणि 1097 हा मोफत हेल्पलाइन क्रमांक द्या.

मजकूर ठरवण्यापूर्वी आशाताईंना आणि एखाद्या यंत्रमाग कामगाराला तो मोठ्यानं वाचून दाखवावा. कच्चा मसुदा तयार झाला की कळवा. तेलुगू तपासून द्यायला आणि छापलेली पानं दुकानात ठेवायला मी तयार आहे.

आपला,
एक औषधविक्रेता, सोलापूर