"कशा आहात?" झालं, पुढे काय?

मंडळी, आपल्या इंदूरच्या घरांतली मुलं नमस्कार अगदी नीट मराठीत करतात. "नमस्कार काकू, कशा आहात?" "बरी आहे रे बाळा." बस्स. पुढचं वाक्य हिंदीत, नाहीतर डोळे मोबाईलवर. लोक म्हणतात, मुलांना मराठी येत नाही. मला ते पटत नाही. त्यांच्याकडे दुसरा प्रश्नच नसतो.

"जेवण झालं का?" हा खरं तर प्रश्न नव्हेच, नमस्काराचंच शेपूट आहे ते. उत्तर ठरलेलं, "हो, झालं." त्याऐवजी सकाळी विचारून बघा, "पोहे घरचे की ठेल्यावरचे?" इथे हो-नाही म्हणून सुटता येत नाही. घरचे म्हणजे फोडणीचे, ठेल्यावरचे म्हणजे वाफेवरचे, वर शेव आणि जीरावन. इंदूरचा माणूस यात बाजू घेतल्याशिवाय राहतच नाही!

गेल्या संकष्टीला माझ्या भाचीने जिन्यात खालच्या मावशींना विचारलं, "मावशी, आज साबुदाणा की मोरधन?" (भगर म्हणतात ते.)

"साबुदाणा बाधतो गं मला. मोरधन, आणि दाण्याची आमटी."

भाचीने 'आमटी' तेवढी पकडली. "आमच्याकडे आईची फार घट्ट होते. तुम्ही दाणे भाजून वाटता का?"

झालं! दाणे भाजून, सालं काढून, आमसूल शेवटी, इथून सुरू झालेलं बोलणं मावशींच्या सासूबाईंच्या देवासच्या स्वयंपाकघरात पोचलं. हातातली भाजीची पिशवी त्यांनी पायरीवर ठेवली, तेव्हाच मी ओळखलं की आता पंधरा मिनिटं नक्की.

बघा, पोरीने प्रश्न घोकून नेले नव्हते. मिळालेल्या उत्तरातलाच एक शब्द उचलला, आणि विचारण्याआधी आपल्या घरचं थोडं सांगितलं. ते सांगणं महत्त्वाचं. नाहीतर लागोपाठ तीन प्रश्न म्हणजे पोलीस ठाणं. आम्ही मोठे तर त्यात पटाईत: नोकरी कुठे, पगार किती, लग्नाचं काय? पोरं आम्हाला टाळतात ती उगीच नाही.

खाण्याचा विषयही सगळीकडे चालत नाही. सुतक असलेल्या घरी "आज काय केलंत?" विचारू नये. "दोन घास खाल्लेत ना?" म्हणावं आणि नुसतं बसावं. कुणाची नोकरी गेली असेल, ओढाताण चालू असेल, तिथेही ताटात काय हे न विचारता "आज ऊन फार होतं, बाहेर गेला होतात का?" एवढं बरं. आणि दोनदा एकाच शब्दात उत्तर आलं, किंवा समोरच्याच्या हातात गाडीची किल्ली फिरू लागली, तर "या सावकाश, संध्याकाळी बोलू" म्हणून सोडून द्यावं. संध्याकाळी मग सरळ विचारावं, "काय, सकाळी एवढ्या घाईत कुठे निघालात?"