‘हमारी कोई हरकत नहीं’ आणि माझी ती एक सही

मंडळी, आपल्या सुलतान बाजारात एका गल्लीत मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी सगळं ऐकू येतं. म्हणून आपल्याला वाटतं, हिंदी काय, येतेच! याच समजुतीने मी नोकरीत एक चूक केली. ती आज सांगतो, कारण आपल्या घरची मुलं आता केंद्र सरकारच्या नोकरीत लागतायत.

नोकरीत लागल्यावर हिंदीचं प्रशिक्षण असतं. प्रबोध, प्रवीण, प्राज्ञ अशा तीन पायऱ्या. कुठून सुरुवात करायची ते मातृभाषेवर ठरतं. तेलुगूवाल्यांनी प्रबोधपासून, आपण मराठी मंडळींनी थेट प्रवीणपासून, उर्दूवाल्यांनी थेट प्राज्ञ. ज्याने दहावीला हिंदी विषय घेतला, त्याला ‘कार्यसाधक ज्ञान’ आहे असं धरतात आणि परीक्षेतून सूट मिळते. 1976च्या राजभाषा नियमांत आणखी एक सोपी वाट आहे. मला हिंदी येते, असं स्वतःच फॉर्मवर लिहून द्यायचं.

माझा दहावीला हिंदी नव्हता. तरी मी सही करून मोकळा झालो. साहेबांनाही ते हवंच होतं. ऐंशी टक्के कर्मचाऱ्यांना हिंदी येते असं दिसलं, की कार्यालयाचं नाव राजपत्रात येतं.

पुढे एका प्रस्तावावर आमच्या शाखेचं मत मागवलं. मी ऐटीत लिहिलं, ‘हमारी कोई हरकत नहीं है।’ आपल्याकडे हरकत म्हणजे आक्षेप. हिंदीत हरकत म्हणजे करणी, खोडी. फाईल परत आली, वर साहेबांचं हसू. तिथे ‘आपत्ति’ हवं होतं, आणि मी तर आपत्ती म्हणजे संकट समजत होतो! लिपी एकच असल्यामुळेच आपण फसतो. शेजारच्या टेबलावरच्या उर्दूवाल्या भाईंचं उलटं. शब्द सगळे तोंडात, पण देवनागरी लिहिताना घाम फुटायचा.

आमच्यातल्या तेलुगू मित्राने मात्र तिन्ही पायऱ्या चढून प्राज्ञ काढली. त्याला बारा महिने एका वेतनवाढीइतकं वैयक्तिक वेतन मिळालं, शिवाय टिपणी लिहिता यायला लागली. मी सूट घेतलेली, त्यामुळे मला ना पैसा, ना भाषा.

माझं म्हणणं एवढंच. दहावीला हिंदी घेतलेल्याची सूट ठीक आहे. पण नुसत्या सहीवरची सूट देण्याआधी एक साधं पत्र समोर बसवून लिहून घ्यावं. आणि पोरांनो, नियम बदलेल तेव्हा बदलेल. फॉर्म पुढे आला तर आधी घरी बसून हिंदीत रजेचा अर्ज आणि चार ओळींची टिपणी लिहा, जाणकाराला दाखवा. लाल शाई फार लागली तर सही करू नका. वर्गात नाव घाला.

तुमच्यापैकी कोणी प्रवीण-प्राज्ञ दिलीय? सांगा खाली.