दोन मिनिटांचे स्वागत

आमच्या निवासी शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात गेली तीन वर्षे विद्यार्थ्यांनी केलेले ॲनिमेशनपट दाखविले जातात. पडदा उजळण्यापूर्वी एक शिक्षक पालकांचे व पाहुण्यांचे स्वागत करतात. कार्यक्रमपत्रिकेत या भाषणाला एक ओळ मिळते आणि त्याची तयारी बहुधा कोणी करीत नाही. आमच्या मते त्या सायंकाळी सर्वाधिक तयारी याच भाषणाला हवी. हे मत आम्हांला एका चुकीतून मिळाले आहे. ती चूक आमचीच होती.

पहिल्या वर्षी निग्रोधमृगाच्या जातककथेवर नव्वद सेकंदांचा चित्रपट होता. कथा आपल्या विहारांतून अनेकांनी ऐकलेली आहे. राजाच्या स्वयंपाकघरासाठी रोज एका हरणाने चिठ्ठीप्रमाणे वधस्थानी जायचे असते. एके दिवशी गर्भवती हरिणीची पाळी येते आणि तिच्याऐवजी निग्रोध हा कळपाचा राजा स्वतः जाऊन मान ठेवतो. चित्रपटापूर्वी आम्ही वीस मिनिटे बोललो. संपूर्ण कथा सांगितली, तिचे तात्पर्य सांगितले, मोबाइलचे दुष्परिणामही सांगितले. मग चित्रपट सुरू झाला. निग्रोध ओंडक्यापुढे येऊन उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. मागून कोणीतरी ओरडले, “अडकलं!” सभागृह हसले. संगणकाजवळचा विद्यार्थी गोंधळला आणि त्याने चित्रपट थांबविला. पुन्हा पहिल्यापासून लावला, तेव्हा त्याच जागी पुन्हा हशा झाला.

चित्रपट अडकला नव्हता. ती दोन सेकंदांची स्तब्धता मुलांनी ठरवून ठेवली होती. सातवीतील ज्या मुलीने तो प्रसंग टिपला, ती पहिल्या रांगेत बसली होती. पुढच्या सत्रात ती त्या टेबलाकडे फिरकली नाही.

ओरडणाऱ्या पालकांना आम्ही दोष देत नाही. दूरचित्रवाणीवर चित्र थबकले की काहीतरी बिघडले, असाच आपला सर्वांचा अनुभव असतो. वीस मिनिटांत आम्ही त्यांना सगळे सांगितले. पाहण्यासाठी जे ठाऊक असावयास हवे होते, तेवढेच सांगितले नाही.

ते काय होते, हे कळण्यासाठी काम कसे चालते ते पाहावे लागेल. हरिण पुठ्ठ्याचे होते. पाय, मान आणि कान वेगळे कापून मागच्या बाजूने दोऱ्याच्या गाठीने जोडलेले. टेबलावर रंगविलेला कागद अंथरलेला आणि वर स्टँडला बांधलेला मोबाइल. हरणाचा पाय किंचित सरकवायचा, हात बाहेर काढायचा, छायाचित्र घ्यायचे. पुन्हा किंचित सरकवायचा. अशी बारा छायाचित्रे झाली की पडद्यावरचा एक सेकंद होतो. नव्वद सेकंदांसाठी एक हजार ऐंशी छायाचित्रे लागली. चार मुलांची ती तुकडी तासाला सुमारे चाळीस छायाचित्रे घेई, म्हणजे निव्वळ छायाचित्रणाचे सत्तावीस तास झाले. ते सायंकाळच्या अभ्यासानंतर रोज एक तास असे जमविलेले होते.

निग्रोध ओंडक्यापुढे थांबतो, तिथे एकच छायाचित्र चोवीस वेळा वापरता आले असते. मुलीने तसे केले नाही. तिने चोवीस वेगळी छायाचित्रे घेतली आणि त्यांत केवळ कान दोनदा केसभर हलविला. तिचे म्हणणे असे, की हरिण उभे आहे हे दिसावे, पण ते जिवंत आहे हेही दिसावे. त्या कानाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, कारण लोक हसत होते.

दुसऱ्या वर्षी आम्ही तोच चित्रपट, एकही चित्र न बदलता, पुन्हा दाखविण्याचे ठरविले आणि भाषण आधी लिहून काढले. ते जवळजवळ असे होते:

“उपस्थित माता-पित्यांनो, माजी विद्यार्थ्यांनो, सर्वांना सप्रेम जय भीम. आता आपण जो चित्रपट पाहणार आहात, तो नव्वद सेकंदांचा आहे. यातील हरिण पुठ्ठ्याचे आहे. ते स्वतः हलत नाही. आपल्या मुलांनी ते हाताने एक हजार ऐंशी वेळा मांडले आहे आणि प्रत्येक वेळी छायाचित्र घेतले आहे. दोन गोष्टी आधी सांगतो. चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावरचा उजेड मधूनच कमी-जास्त होईल. तेव्हा खिडकी उघडी होती आणि बाहेर ढग येत-जात होते. नंतर मुलांनी खिडकी झाकली आणि दोन दिवे लावले, तेव्हापासून उजेड स्थिर झालेला दिसेल. दुसरी गोष्ट, एका ठिकाणी हरिण थांबेल. चित्रपट अडकलेला नसेल. तिथे त्याच्या कानाकडे पाहा. कथा मी सांगत नाही, ती मुले सांगतील.” शेवटी चौघांची नावे घेतली आणि दिवे मालविले. घड्याळाप्रमाणे दोन मिनिटे झाली नव्हती.

या भाषणातील उजेडाच्या दोषाचा उल्लेख काही सहकाऱ्यांना खटकला. पाहुण्यांसमोर आपल्याच मुलांची उणीव का काढावी, असा त्यांचा प्रश्न होता. आमचे उत्तर असे, की उणीव प्रेक्षकांना दिसणारच असते. तिचे कारण कळले, तर तीच मुलांच्या शिकण्याची खूण ठरते. उजेड स्थिर होतो त्या क्षणी मुलांनी काहीतरी शोधून काढले, हे पालकांना पडद्यावरच दिसते. मात्र एकच दोष सांगावा. चार सांगितले, तर प्रेक्षक दोषच मोजत बसतात.

कथा न सांगण्यावरही आक्षेप आला. जातककथेचा बोध लोकांपर्यंत पोचला पाहिजे, हे आम्हांलाही मान्य आहे. पण शेवट आधी सांगितला, की निग्रोधाच्या थांबण्याला अर्थ उरत नाही. आता काय होणार, हा प्रश्न मनात असेल, तरच ते दोन सेकंद जड होतात. याच कथेवर फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील व्यंगचित्रपट विभागाने डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ साली ‘द बनियन डिअर’ हा ॲनिमेशनपट केला होता. ही माहिती भाषणात घालण्याचा मोह आम्हांला फार झाला. पण तिची जागा ही स्मरणिका आहे. अंधारात बसून वाट पाहणाऱ्या मुलांना तिचा उपयोग नव्हता.

भाषणाने सगळे साधत नाही. सभागृहाच्या दारातून उजेड येत असेल, तर केसभर हललेला कान कोणालाच दिसणार नाही. म्हणून दारांना सतरंज्या लावाव्या लागल्या. ध्वनिवर्धक आदल्या दिवशी तपासावा लागला. सत्कार चित्रपटांनंतर घ्यावेत, हे ठरविण्यासाठी दोन बैठका झाल्या.

त्या सायंकाळी निग्रोध थांबला, तेव्हा कोणी ओरडले नाही. पुढच्या रांगेतील एक आजी शेजारणीला हलकेच म्हणाल्या, “कान बघ.” ती मुलगी मात्र त्या टेबलाकडे परतली नाही. ती आता उत्तम चित्रे काढते, पण स्थिर चित्रे. दुसऱ्या वर्षीचे भाषण पहिल्याच वर्षी केले असते तर काय झाले असते, हे आम्हांला कधीच कळणार नाही. यापुढे ज्या शिक्षकांकडे हे काम येईल, त्यांनी ध्वनिवर्धक हाती घेण्यापूर्वी मुलांसोबत बसून चित्रपट एकदा पूर्ण पाहावा आणि त्यांना विचारावे, “लोक कुठे चुकीचे समजतील?” मुलांना ती जागा नेमकी ठाऊक असते. भाषण तिच्यापुरते असावे.