मागचं वर्ष अधिक दहा टक्के

आमच्या सोसायटीचं बजेट कसं तयार होतं ते मी दोनदा जवळून पाहिलं. खजिनदार मागच्या वर्षीचा खर्च समोर ठेवतात, प्रत्येक आकड्यावर दहा टक्के चढवतात आणि बेरीज मारतात. मग बेरजेला चौसष्ट फ्लॅटनी आणि बारा महिन्यांनी भागलं की नवा मेंटेनन्स तयार. वीस मिनिटांचं काम, मधे चहासुद्धा होतो.

मे २०२५ मधे २०२५-२६ चं बजेट आलं तेव्हा मी म्हटलं, "काका, एकच वर्ष का? तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडून बघू की."

अध्यक्षकाका म्हणाले, "अरे, जास्त धरलं तर बिघडतं काय? उरलं तर उरलं, पैसा सोसायटीतच राहतो ना?"

बिघडतं. आणि काय बिघडतं हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. आधी आकडे बघू. सगळं बजेट इथे मांडत नाही, फक्त तीन खाती घेतो.

पहिलं खातं सामायिक विजेचं. खातेवहीप्रमाणे २०२२-२३ मधे ४,०८,००० रुपये, २०२३-२४ मधे ३,६०,००० आणि २०२४-२५ मधे ५,२८,०००. खजिनदारांनी शेवटचा आकडा घेतला, दहा टक्के चढवले, ५,८०,८०० झाले. पण एका वर्षात वीज दीड लाखांहून जास्त वाढेल कशी? नवा पंप नाही, नवा दिवा नाही. म्हणून व्हाउचर काढली आणि बिलं मोजली. २०२३-२४ मधे दहाच बिलं होती आणि २०२४-२५ मधे चौदा! फेब्रुवारी आणि मार्च २०२४ ची बिलं (प्रत्येकी ३६,०००) एप्रिलमधे भरली होती आणि ३१ मार्चला ती 'देणी' म्हणून दाखवायची राहिली होती. ती आपल्या जागी नेली की आकडे होतात ४,०८,०००, ४,३२,००० आणि ४,५६,०००. सगळं गूढ संपलं.

आता इथे सरासरीवाले लोक उठतात. "तीन वर्षांची सरासरी घ्या, झालं!" सरासरी येते ४,३२,०००, आणि ती कमी पडणार हे शेंबडं पोरही सांगेल, कारण आकडा दरवर्षी चढतो आहे. का चढतो ते बिलातच लिहिलेलं असतं. आमची युनिटं तिन्ही वर्षं ४०,००० च्या आसपास होती. वाढत होता तो दर. सगळे आकार धरून युनिटमागे १०.२०, मग १०.८०, मग ११.४० रुपये. हातातल्या ताज्या बिलात तो १२ रुपये पडत होता. म्हणजे ४०,००० गुणिले १२, ४,८०,००० रुपये. माझ्या मते तीन वर्षांचा उपयोग हा एवढाच आणि असाच. किती वापरलं हे तीन वर्षांवरून घ्यायचं आणि भाव आजचा लावायचा. रुपयांची सरासरी काढली की तीन वर्षांचे तीन भाव एकत्र कालवले जातात आणि हाती येतो तो कुठल्याच वर्षाचा भाव नसतो.

दुसरं खातं टँकरचं. तिथे उलटी गंमत. ११० टँकर, १४० टँकर, २६० टँकर. खर्च १,१०,०००, १,५४,००० आणि ३,१२,०००. इथे भाव थोडाच चढला, वाढले ते टँकर. पण ही चढती रेघ नाही. २०२३ चा पाऊस कमी झाला, त्यामुळे २०२४ चा उन्हाळा कडक गेला आणि तो उन्हाळा २०२४-२५ च्या हिशेबात पडला. त्या एका वर्षावर दहा टक्के चढवायचे म्हणजे दरवर्षी दुष्काळ येणार असं गृहीत धरायचं. सरासरी टँकर निघतात १७०. आजचा भाव १,३०० रुपये, म्हणजे २,२१,०००. दुष्काळ पडलाच तर २६० टँकर लागतील, त्याचे ३,३८,०००. मधला फरक १,१७,००० रुपयांचा. तो मेंटेनन्समधे मिसळायचा नाही. शिल्लक रकमेतून 'टँकर राखीव' अशा नावाने बाजूला ठेवायचा. नाव असलं की तो खर्च झाला की नाही हे मार्चमधे कुणालाही विचारता येतं.

तिसरं किरकोळ दुरुस्तीचं. १,२०,०००, ३,१०,००० आणि १,४०,०००. मधल्या वर्षी १,८०,००० रुपयांचे लिफ्टचे रोप बदलले. ते वेगळे काढले की उरतात १,२०,०००, १,३०,००० आणि १,४०,०००. पुढच्या वर्षाला १,५०,००० पुरे. पण रोपचा खर्च "एकदाच झाला, विसरा" म्हणून पुसायचा नाही हं. रोप पुन्हा बदलावे लागणारच. तो खर्च दुरुस्ती निधीच्या यादीत जातो. आदर्श उपविधींप्रमाणे त्या निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी गोळा करायचा असतो, तो याचसाठी.

इथेच तीन वर्षांच्या पद्धतीची मर्यादाही दिसते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जे तीन वर्षांत घडलंच नाही ते या तक्त्यात दिसणार नाही. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं. तुमची तीन वर्षं दोन ऑडिटांच्या मधे पडली तर तक्त्यात शून्य दिसेल. बाहेरच्या रंगाचंही तेच. म्हणून शेजारी एक छोटी यादी हवी, की कुठलं मोठं काम शेवटचं कधी झालं आणि पुन्हा कधी येणार.

आता बेरीज. या तीन खात्यांना कमिटीने धरले १०,७८,००० आणि माझे होतात ८,५१,०००. फरक २,२७,०००, म्हणजे दर फ्लॅटला महिन्याला साधारण २९५ रुपये. काकांचं म्हणणं, यात काय एवढं? आमच्या मजल्यावरचे आजी-आजोबा पेन्शनवर राहतात आणि ते २९५ रुपये मोजून देतात. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. वर्षअखेर विजेचा खर्च ५,३०,००० झाला तरी बजेट सांगणार, "पन्नास हजार वाचवले!" ४,८०,००० धरले असते तर कुणीतरी विचारलं असतं की जास्तीचे पन्नास हजार कुठे गेले. पंप बिघडला होता का? टाकीचा फ्लोट अडकून मोटर रात्रभर चालत होती का? फुगवलेल्या बजेटमधे हा प्रश्न कधी उठतच नाही. आणि मग पुढच्या वर्षी त्याच ५,३०,००० वर पुन्हा दहा टक्के!

वार्षिक सभेत मला पाच मिनिटं मिळाली. टाळ्याही मिळाल्या. ठराव मात्र दहा टक्क्यांचाच मंजूर झाला, कारण बाहेर वडे गार होत होते.

असो. तुमच्या सोसायटीची सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी. बजेट येईल तेव्हा दर खात्यापुढे चारच गोष्टी मागा. तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, त्यातल्या बिलांची संख्या, वापर किती, आणि आजचा भाव. खजिनदार नाही म्हणाले तर व्हाउचरची फाईल मागा आणि स्वतः बसा. मला दोन रविवार लागले.