स्पीड ब्रेकर बरोबर आहे की नुसता उंचवटा? पाच पावलांत ओळखा

कुठल्याही शहरात हा क्रम ठरलेला असतो. चौकात अपघात होतो, लोक चिडतात, आणि दोन-चार दिवसांत तिथे डांबराचा एक उंचवटा उभा राहतो. मागणी पूर्ण झाली असं सगळ्यांना वाटतं. पण तो उंचवटा खरंच वेग कमी करतो का, हे त्याच्या मापावर ठरतं. आणि हे माप कोणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

माप काय आहे?

आपल्याकडे रस्त्यांची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे आयआरसी ठरवते. स्पीड ब्रेकरसाठी आयआरसी-९९ हे मानक आहे. त्यात गोलाकार ब्रेकर असा सांगितलाय: गाडी जाते त्या दिशेने लांबी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर आणि वरच्या गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी आरामात पलीकडे जावी, असा हिशोब त्यामागे आहे.

हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळतात का, ते शाळेच्या भूमितीने बघता येतं. ३.७ चं अर्धं १.८५. त्याचा वर्ग ३.४२. त्याला त्रिज्येच्या दुपटीने, म्हणजे ३४ ने भागलं की ०.१० मीटर येतात. बरोबर १० सेंटिमीटर!

एवढा लांब कशाला?

ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ७ मीटर. ३.७ मीटरचा ब्रेकर चढून उतरायला चाकाला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी सावकाश वर जाते आणि खाली येते. वेग वाढवला तर पूर्ण गाडी उसळते, म्हणून ड्रायव्हर आपोआप ब्रेक मारतो.

आता ४० सेंटिमीटर लांबीचा उभट उंचवटा घ्या. त्याच वेगात चाक तो सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शात ओलांडतं. गाडीला वर जायला वेळच मिळत नाही, धक्का टायर आणि शॉक ॲब्सॉर्बरवर जातो. यात एक उलटी गंमत आहे. चांगलं सस्पेन्शन असलेल्या मोठ्या गाडीला तो जोरात ओलांडताना कमी त्रास होतो. त्रास होतो तो दुचाकीवाल्याला, रिक्षातल्या आजीला आणि ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटला. म्हणजे ज्याला थांबवायचं तो निसटतो.

तपासायचं कसं?

टेपची गरज नाही. मोठ्या माणसाचं साधं पाऊल सुमारे ७०-७५ सेंटिमीटर असतं. गाड्या नसताना रस्त्याच्या कडेने ब्रेकरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. पाच पावलं लागली, तर लांबी ठीक. एका-दोन पावलांत संपला, तर तो स्पीड ब्रेकर नाही, नुसता उंचवटा आहे. शिवाय ४० मीटर आधी इशारा देणारा फलक आणि ब्रेकरवर रंगाचे पट्टे हवेत. पट्टे पुसले गेले असतील, तर रात्री बरोबर मापाचा ब्रेकरसुद्धा धोक्याचा. तक्रार करताना महापालिकेच्या ॲपवर फोटोसोबत ‘लांबी दोन पावलं, फलक नाही’ असं लिहा. ‘ब्रेकर खराब आहे’ यापेक्षा हे टाळणं अवघड जातं.

मुळात ब्रेकर लागतो का?

बऱ्याचदा ब्रेकर हा उशिराचा उपाय असतो. वेग वाढतो तो रस्त्याच्या रुंदीमुळे. वस्तीतला १० मीटरचा रस्ता घ्या. सगळं डांबर केलं, तर प्रत्येक दिशेला ५ मीटर मिळतात. समोर एवढी मोकळी जागा दिसली की हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळतो, आणि चालणारा माणूस त्याच डांबरावर असतो.

आता तोच रस्ता वेगळा वाटू. बसची रुंदी सुमारे २.६ मीटर, म्हणून सावकाश वाहतुकीला ३ मीटरची लेन पुरते. ३.५ मीटरची लेन मोठ्या आणि वेगवान रस्त्यांसाठी असते. दोन लेनचे ६ मीटर गेले, उरले ४. प्रत्येक बाजूला २ मीटर फुटपाथ. आयआरसी-१०३ प्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाऊ शकतील एवढी ती असते. म्हणजे गणित बसतं. फक्त त्या १.८ मीटरमध्ये डीपी बॉक्स, झाड किंवा पार्क केलेली बाईक नको. रस्ता ९ मीटरचाच असेल, तर दोन्हीकडे दीड-दीड मीटरच उरतात. तिथे एका बाजूला पूर्ण रुंदीचा फुटपाथ की दोन्हीकडे अपुरे, हे ठरवावंच लागतं.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. तुमच्या गल्लीत नवीन डांबर पडायच्या आधी रुंदीची ही वाटणी विचारली, तर नंतर ब्रेकर मागायची वेळ कमी येईल.